‘नेट गेलं बघा, गुरुजी’: एका द्विशिक्षकी शाळेत फोनचा पडदा टीव्हीवरून सारखा का तुटत होता

## पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, दोन खोल्या. गावानं लोकवर्गणी काढून ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही घेऊन दिला. चोरीची धास्ती होती, म्हणून तो भिंतीवर उघडा न टांगता गावातल्याच वेल्डरकडून केलेल्या पत्र्याच्या पेटीत बसवला. पाठीमागे आणि चारही बाजूंनी पत्रा, पुढे दोन झडपा, मधोमध कुलूप. अशा पेट्या खेड्यातल्या बऱ्याच शाळांत दिसतात आणि त्या बनवताना वाय-फायचा विचार अर्थातच कुणी केलेला नसतो.

शाळेत ब्रॉडबँड नाही, राउटर नाही. इंटरनेट म्हणजे मुख्याध्यापक गुरुजींच्या फोनमधलं सिम. टीव्हीचा उपयोग तीन कामांसाठी होई: ई-बालभारतीची पुस्तकं पडद्यावर उघडणं, दीक्षा ॲपवरचे पाठांचे व्हिडिओ दाखवणं, आणि फोनचा कॅमेरा एखाद्या मुलाच्या वहीवर धरून त्यानं केलेली वजाबाकी सगळ्या वर्गाला दाखवणं. हे तिसरं काम गुरुजींना सर्वांत मोलाचं वाटे. पेन ड्राइव्हनं ते होत नाही, त्याला फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर यावा लागतो.

फोन तीन वर्षं जुना, मध्यम किमतीचा. टीव्हीच्या खोक्यावर वाय-फायसमोर ८०२.११ बी/जी/एन एवढंच लिहिलेलं होतं, आणि ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला हॉटस्पॉट टीव्हीच्या यादीत कधी दिसत नसे. म्हणजे टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखणारा. पुढे ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

## अडचण

तक्रार एका वाक्यात सांगितली जाई: सारखं तुटतं. पडदा टीव्हीवर यायचा, पाच-सात मिनिटं चालायचा आणि जायचा. मुलं ओरडायची, “नेट गेलं बघा, गुरुजी!” पुन्हा जोडण्यात दोन-तीन मिनिटं मोडायची. ३५ मिनिटांच्या तासिकेत असं तीनदा झालं की गुरुजी खडू-फळ्याकडे वळत, आणि अखेर आठवडाभर पेटीचं कुलूपच निघालं नाही.

सुरुवातीचे उपाय असे होते: टीव्ही फॅक्टरी रीसेट केला, फोनचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॉप्टर आणला. रीसेटनं फरक पडला नाही, उलट टीव्हीतली सगळी ॲप्स नव्यानं घालावी लागली. ॲडॉप्टर लावल्यावर टीव्हीवर काहीच आलं नाही. शेवटी केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या तंत्रस्नेही शिक्षकांना बोलावलं. त्यांनी पहिल्या दिवशी कुठल्याच सेटिंगला हात लावला नाही. वहीचं एक पान आखलं आणि पडदा तुटला की चार गोष्टी लिहायला सांगितल्या: किती वाजता तुटला, त्या क्षणी फोनवर काय चाललं होतं, फोन कुठे होता, आणि तुटताना टीव्हीवर नेमकं काय दिसलं.

चार दिवसांच्या नोंदींत एका तक्रारीच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी दिसल्या. काही वेळा पडदा एका झटक्यात गेला होता, आणि त्याच सुमारास शेजारच्या खोलीतून बाईंनी हॉटस्पॉट मागितलेला होता. काही वेळा चित्र दोन-तीन सेकंद गोठून पुन्हा चालू झालं होतं आणि असं चार-पाचदा झाल्यावर तुटलं होतं. काही वेळा गुरुजी फोन हातात घेऊन मागच्या बाकाकडे गेले होते. आणि काही वेळा फोनचा पडदा आपोआप मावळला होता, एवढंच. एकदा टीव्हीवर कंपनीचं चिन्ह येऊन तो पहिल्यापासून सुरू झाला. तो विजेचा झटका होता, त्याची नोंद बाजूला काढली.

## मुळात जोडणी कशी होते

पुढचे निर्णय कळण्यासाठी दोन पद्धतींतला फरक आधी पाहावा लागेल. बोलताना दोन्हींना ‘कास्ट’च म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली पद्धत यूट्यूबमधल्या कास्टच्या खुणेची. फोन टीव्हीला फक्त कुठला व्हिडिओ लावायचा ते सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो, पुढचा बराच भाग आधीच साठवून ठेवतो, आणि फोन उरतो रिमोटपुरता. फोनचा पडदा बंद झाला तरी चित्र चालू राहतं. मात्र फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर हवेत आणि त्या नेटवर्कला इंटरनेट हवं.

दुसरी पद्धत पडदा जसाच्या तसा दाखवण्याची, म्हणजे मिररिंग. गुरुजी वापरत होते ते मिराकास्ट. वाय-फाय अलायन्सनं हे २०१२ मध्ये आणलं आणि अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये ते वेगवेगळ्या नावांनी असतं. काही फोनमध्ये ते नसतंच, गूगलचे पिक्सेल फोन हे त्याचं ठळक उदाहरण. मिराकास्टला राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फोन आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टनं थेट एकमेकांशी जोडले जातात. फोन आपला पडदा क्षणाक्षणाला व्हिडिओत बदलून टीव्हीकडे पाठवत राहतो. मुलं म्हणत होती ते ‘नेट’ या जोडणीत नव्हतंच.

मिररिंग इतकं नाजूक का, त्याचं कारण याच रचनेत आहे. फोनवर बोट फिरवलं की टीव्हीवर लगेच दिसायला हवं, म्हणून टीव्ही येणारं चित्र फारसं साठवून ठेवू शकत नाही. यूट्यूबला अर्धा सेकंद डेटा मिळाला नाही तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मिररिंगमध्ये तोच अर्धा सेकंद गोठलेलं किंवा चौकोन-चौकोन झालेलं चित्र म्हणून दिसतो. शिवाय जोडणी जिवंत आहे ना, हे दोन्ही उपकरणं अधूनमधून एकमेकांना विचारत असतात. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही की जोडणी मोडली जाते. गोठणं आणि तुटणं बहुधा एकाच दुखण्याच्या दोन पायऱ्या असतात.

## पहिला निर्णय: दोष कुणाचा ते आधी वेगळं काढायचं

तंत्रस्नेही शिक्षकांनी सगळं काढून टाकून एक साधी चाचणी घेतली. फोनमध्ये आधीच उतरवलेला ४० मिनिटांचा व्हिडिओ. हॉटस्पॉट बंद, ब्लूटूथ बंद, वाय-फाय चालू पण कुठल्याही नेटवर्कला न जोडलेलं. फोन टीव्हीसमोर दोन मीटरवर टेबलावर उभा, पडदा बंद होण्याची वेळ ३० मिनिटांवर नेलेली, आणि मध्येच एकदा हात लावून तो जागा ठेवलेला.

व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, एकदाही तुटला नाही.

म्हणजे टीव्ही बरा होता, फोनही बरा होता. दोष परिस्थितीत होता, आणि आता एकेक गोष्ट परत जोडत जाऊन कुठे मोडतं ते बघायचं होतं. याच टप्प्यावर लोक सहसा नवा डोंगल घेऊन मोकळे होतात. मिराकास्टचा एचडीएमआय डोंगल लावला असता तर त्याच फोनचं तेच वाय-फाय डायरेक्ट वापरलं गेलं असतं आणि तुटण्याची बहुतेक कारणं जशीच्या तशी राहिली असती.

वाय-फाय बंद करून बघू, ही सूचना गावातल्या एका मुलानं केली होती. इंटरनेट सिमवर आहे, मग वाय-फाय कशाला, हा त्याचा हिशेब. पण मिराकास्ट चालतं ते वाय-फायच्याच रेडिओवर. वाय-फाय बंद केलं की पडदा तत्क्षणी जातो. वाय-फाय चालू हवं, ते कशालाही जोडलेलं मात्र नको, ही गोष्ट गुरुजींच्या पचनी पडायला थोडा वेळ लागला.

## दुसरा निर्णय: हॉटस्पॉट कुणाच्या फोनवर

पहिली वस्तू परत जोडली ती हॉटस्पॉट. मिररिंग चालू असताना गुरुजींच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू केला आणि पडदा लगेच गेला. पुन्हा करून बघितलं, तसंच झालं. बऱ्याच फोनमध्ये हॉटस्पॉट आणि वाय-फाय डायरेक्ट एकत्र चालत नाहीत. एक सुरू झालं की दुसरं बंद पडतं. काही फोन आधी तशी सूचना देतात. हा फोन न सांगता बंद करत होता. बाई शेजारच्या वर्गात टॅबवर काही उघडायचं झालं की हॉटस्पॉट मागत, गुरुजी बोट लावत, आणि दोन खोल्यांमधला हा संबंध दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

तोडगा सोपा वाटला. टॅबसाठीचा हॉटस्पॉट बाईंनी स्वतःच्या फोनवर लावायचा. तसं केल्यावर झटक्यात तुटणं थांबलं. पण गोठणं वाढलं.

कारण असं की गुरुजींनी रोजचा डेटा वाचावा म्हणून आपला फोनही बाईंच्या हॉटस्पॉटला जोडला होता, आणि बाईंचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता. तंत्रस्नेही शिक्षकांनी आपल्या फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एक मोफत ॲप उघडलं. मिररिंग चालू असताना अशा ॲपच्या यादीत `DIRECT-` नं सुरू होणारं एक नाव दिसतं. तीच फोन आणि टीव्हीमधली थेट जोडणी. त्या नावापुढे २४३७ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे चॅनल ६. बाईंचा हॉटस्पॉट ५७४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनल १४९. टीव्हीला २.४ गिगाहर्ट्झच येत असल्यानं थेट जोडणी वर सरकू शकत नव्हती.

या किमतीच्या अनेक फोनमधला वाय-फायचा रेडिओ एका वेळी एकाच चॅनलवर असतो. दोन चॅनलांवर हजेरी लावायची तर त्याला थोडा वेळ इथे, थोडा वेळ तिथे असं उड्या मारत राहावं लागतं. बाई रजेवर असल्या की गुरुजी एकटे दोन वर्ग सांभाळतात, तसंच हे. पहिलीला अंक गिरवायला देऊन चौथीकडे गेलं की पहिलीत गोंधळ. रेडिओ ५ गिगाहर्ट्झवर गेला असताना टीव्हीला जायचं चित्र रांगेत थांबतं. बाईंच्या टॅबवर काही मोठं उतरवलं जात असताना गोठणं जास्त होई, ही वहीतली नोंदही यामुळे उलगडली.

इथे दोन वाटा होत्या. बाईंचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर आणायचा, म्हणजे दोन्ही जोडण्या एकाच चॅनलवर बसतील आणि उड्या थांबतील. किंवा गुरुजींचा फोन हॉटस्पॉटपासून तोडायचा आणि त्याला लागेल ते इंटरनेट त्याच्याच सिमवरून द्यायचं.

पहिली वाट करून पाहिली. उड्या थांबल्या, चित्र बरंच सुधारलं, पण आता टॅब आणि टीव्ही दोघांचा डेटा एकाच चॅनलवरून जाऊ लागला. शेजारच्या खोलीत व्हिडिओ सुरू झाला की टीव्हीवरचं बोट अर्धा-एक सेकंद मागे पडे. म्हणून दुसरी वाट धरली. गुरुजींच्या फोनमधून बाईंचा हॉटस्पॉट ‘विसरायला’ लावला, नाहीतर फोन दिसताक्षणी आपणहून पुन्हा जोडला जातो. गुरुजींचा डेटा वाचवायचा प्रश्न उरलाच. तो असा सोडवला की दुसऱ्या दिवशीचे व्हिडिओ आणि पुस्तकं संध्याकाळी घरच्या वाय-फायवरून उतरवून आणायची. मिररिंगला इंटरनेट लागत नाही, त्याचा खरा फायदा हाच.

एक बारीक गोष्ट राहिली होती. कशालाही न जोडलेला फोन ओळखीचं नेटवर्क शोधत अधूनमधून सगळी चॅनलं धुंडाळतो, आणि तेवढा वेळ टीव्हीच्या चॅनलवर नसतो. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनिंग नावाची एक वेगळी कळ असते, तीही पाठीमागे हेच करत असते. ती बंद केली आणि फोनमध्ये साठलेली जुनी नेटवर्कं काढून टाकली. अधूनमधून येणारा एक छोटा झटका यानं कमी झाला. पूर्ण गेला नाही.

## ब्लूटूथ स्पीकर

नोंदींत याचा उल्लेखच नव्हता, कारण तो कुणाला दिसत नव्हता. परिपाठाला राष्ट्रगीत आणि प्रार्थना लावायला एक ब्लूटूथ स्पीकर होता. टीव्हीचा आवाज पेटीत दबतो म्हणून पाठाच्या व्हिडिओंचा आवाजही गुरुजी फोनवरून त्याच स्पीकरकडे वळवत. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं, आणि पुष्कळ फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असून अँटेनाही वाटून घेतात. ५ गिगाहर्ट्झवरच्या वाय-फायला ब्लूटूथचा फारसा जाच होत नाही. इथे टीव्ही २.४चाच असल्यानं आवाज आणि चित्र एकाच वाटेवर धक्काबुक्की करत होते.

टीव्हीच्या मागे हेडफोनचं छिद्र होतं. दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली ऑक्स वायर आणून स्पीकर टीव्हीला जोडला. फोनचं ब्लूटूथ परिपाठ संपला की बंद. खर्च एका वायरचा.

## पत्र्याची पेटी

मागच्या बाकाकडे गेल्यावर तुटतं, याचा छडा लावायला थेट जोडणीचा जोर मोजायला हवा होता. ॲनालायझरवर `DIRECT-` पुढे जे ऋण आकडे दिसतात, ते दोघांपैकी जो या जोडणीचा यजमान झाला आहे त्याचा सिग्नल दाखवतात. यजमान फोन असेल तर त्यातून पेटीबद्दल काही कळत नाही. म्हणून वेगळा मार्ग घेतला. एका फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर सुरू करून टीव्हीला त्यावर जोडलं आणि टीव्हीच्याच नेटवर्क सेटिंगमध्ये सिग्नल पाहिला. फोन गुरुजींच्या टेबलावर असताना सिग्नल चांगला. फोन मागच्या भिंतीपाशी, मध्ये पंचवीस मुलं, की सिग्नल कमकुवत. मग चार जणांनी टीव्ही पेटीतून काढून बाहेर बाकावर ठेवला आणि फोन पुन्हा मागच्या भिंतीपाशी नेला. सिग्नल परत चांगला.

टीव्हीचा वाय-फाय अँटेना बहुधा मागच्या बाजूला, खालच्या कडेजवळ असतो. पेटीत तो पत्र्यानं तीन-चार बाजूंनी घेरला जातो आणि लहरींना बाहेर पडायला टीव्हीच्या कडेची फटच काय ती उरते. माणसाच्या शरीरातलं पाणीही २.४ गिगाहर्ट्झ बरंच शोषून घेतं. फोन पोटाशी धरून पाठमोरं उभं राहिलं की एवढ्यानंही खोलीत फरक पडतो.

पेटी काढून टाकणं गावाला मान्य होणार नव्हतं आणि ते बरोबरही होतं. मागचा पत्रा कापून जाळी बसवायचा विचार झाला. पण बारीक लोखंडी जाळी लहरींना पत्र्यासारखीच अडवते, आणि मोठ्या भोकांची जाळी घातली तर कुलुपाला अर्थ राहत नाही. शेवटी वेल्डरनं आतल्या पट्ट्या पुढे सरकवून टीव्ही पेटीच्या तोंडापर्यंत आणला. बंद झडपेत आणि काचेत बोटभर अंतर राहिलं. आता झडपा उघडल्या की टीव्हीची कड पत्र्याच्या पुढे येते.

वहीचं काम मात्र चालीनं सोडवलं. गुरुजींनी मागे जायचं नाही, वही पुढे आणायची. टेबलावर फोनचा उभा स्टँड, खाली वही, टीव्हीपासून सुमारे दोन मीटर. चित्र हातात धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा स्थिरही येतं.

## फोनच्या आपल्या सवयी

पडदा बंद झाला की मिररिंग थांबतं. फोनवर ही वेळ ३० सेकंदांची होती. ती ३० मिनिटांवर नेली, बॅटरी सेव्हर बंद केला, आणि तासिकेपुरतं ‘व्यत्यय नको’ लावलं. टीव्हीवर गुरुजींचे घरगुती निरोप झळकायचे थांबले, हा वरचा फायदा.

उष्णता हा खरा त्रास. पडद्याचं व्हिडिओत रूपांतर सतत चालू असल्यानं फोन तापतो. पत्र्याचं छत, एप्रिल महिना आणि चार्जरही लावलेला असेल तर फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आधी चित्र अडखळतं, मग जोडणी जाते. कव्हर काढून ठेवणं, तासिकेआधीच चार्ज करून घेणं आणि खिडकीच्या उन्हात फोन न ठेवणं, एवढंच हातात आहे.

## नाकारलेले पर्याय

ॲडॉप्टर का चालला नाही ते सांगायला हवं, कारण तो सगळीकडे खपतो. टाइप-सीतून चित्र बाहेर काढायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय असावी लागते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ती नसते. ज्याच्या तपशिलात यूएसबी २.० लिहिलंय त्या फोनला असा ॲडॉप्टर घेऊ नये. सोय असती तर केबल हाच सर्वांत भरवशाचा मार्ग होता.

सिम घालायचा ४जी राउटर घेऊन टीव्ही आणि फोन दोन्ही त्यावर जोडावेत, हा पर्याय शेवटपर्यंत चर्चेत होता. यूट्यूबसारख्या ॲपमधून कास्ट करायला तो उत्तम, कारण मग टीव्ही स्वतः व्हिडिओ ओढतो. पण वहीवरचा कॅमेरा मिराकास्टवरच राहिला असता, आणि महिन्याचं एक रिचार्ज वाढलं असतं. शाळेच्या खात्यातून ते कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं, या प्रश्नावर चर्चा थांबली.

## रोजचा क्रम

शेवटी कागदावर लिहून पेटीच्या झडपेला आतून चिकटवलेला क्रम असा:

1. मेन स्विच लावल्यावर टीव्ही पूर्ण सुरू होऊन मुख्य पडदा स्थिर होऊ द्यावा. मधला अर्धा-एक मिनिट टीव्हीचं वाय-फाय तयार नसतं. त्या वेळात शोधलं तर टीव्ही यादीत येत नाही.
2. फोनचं ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट बंद. वाय-फाय चालू, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेलं.
3. टीव्हीवर पडदा दाखवायचं ॲप आधी उघडावं, मग फोनवरून शोधावं. टीव्ही तरीही दिसला नाही तर फोनच्या यादीतलं त्याचं जुनं नाव काढून टाकून नव्यानं जोडावं.
4. जोडणी झाल्यावर फोन स्टँडवर. तासिका संपेपर्यंत हलवू नये.

टीव्हीवर फक्त काळा चौकोन आला आणि आवाज चालू असेल तर ते तुटणं नव्हे. काही ॲप्स आपला पडदा बाहेर दाखवूच देत नाहीत, तिथे जोडणीशी झटापट करण्यात अर्थ नसतो.

## परिणाम

बदल झाल्यावर महिनाभर वहीतल्या नोंदी चालू ठेवल्या. बहुतेक तासिका एकदाही न तुटता पार पडू लागल्या. झटक्यात पडदा जाणं पूर्ण थांबलं. क्वचित गोठणं उरलं, ते बहुधा दुपारच्या उन्हात आणि फोन तापल्यावर. शाळा सकाळची झाली तसं तेही कमी झालं. बाईंच्या फोनवर मिराकास्ट जोडून पाहिलं तर त्याच खोलीत तो जास्त निवांत चालला. त्यामुळे मोठा व्हिडिओ असेल त्या दिवशी दोघं फोनची अदलाबदल करतात, आणि हॉटस्पॉट तेवढ्यापुरता गुरुजींकडे येतो.

## वेगळं काय करता आलं असतं

फोनमध्येच साठवलेला व्हिडिओ, बाकी सगळं बंद आणि फोन दोन मीटरवर ही चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती तर रीसेट आणि ॲडॉप्टर दोन्ही टळले असते. या चाचणीतही तुटलं असतं तरच टीव्ही किंवा फोनवर संशय घ्यायला जागा होती.

हॉटस्पॉट हलवल्यावर गोठणं वाढलं तेव्हा आपण केलेला बदलच चुकीचा, असं समजून गुरुजी जुन्या पद्धतीकडे परतणार होते. तो बदल बरोबरच होता. त्यानं एक दोष काढला आणि त्याच्याखाली झाकलेला दुसरा वर आणला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तुटण्याचा प्रकार बदलला का तेही लिहायचं, हे वहीच्या पानावर सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदींत नुसतं ‘तुटलं’ एवढंच लिहिलेलं आहे आणि त्यांचा काही उपयोग झाला नाही.

टीव्ही घेतानाच ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आहे का, एवढं विचारलं असतं तर ब्लूटूथचा आणि चॅनलच्या उड्यांचा बराचसा प्रश्न उद्भवलाच नसता. खोक्यावर वाय-फायसमोर ‘८०२.११ एसी’ किंवा ‘ड्युअल बँड’ लिहिलेलं असतं, ते बघायचं. बाईंच्या वर्गासाठी दुसऱ्या टीव्हीची वर्गणी सुरू झाली आहे. त्या वेळी दुकानात हे विचारायचं, लॅन केबलचं छिद्र आहे ना ते बघायचं, आणि पेटीचं माप वेल्डरला देण्याआधी टीव्ही मागून उघडा ठेवून एक दिवस मिररिंग चालवून पाहायचं, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरलं आहे.